जात्याखालचा हंडा आणि आखाजीची सही

वाचकाचं पत्र (नाव-गाव वगळून)

मी चोपडा तालुक्यातली, वय ४७. दिवाळीपासून एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं. माहेरच्या जुन्या धाब्याच्या घरात मी आईच्या जात्याखालची जमीन उकरते. तांब्याचा हंडा लागतो, आत सोन्याच्या मोहरा. त्या मी पदरात भरते, तेवढ्यात मागून कुणीतरी बाई म्हणते, "हाई तुनं नही." मी पळत सुटते. घरी येऊन पदर सोडला की नुसते कोळसे. छाती धडधडत जाग येते, तेव्हा पहाट असते आणि मालक रात्रीच्या लाईटवर केळीला पाणी द्यायला गेलेले असतात.

सासूबाई म्हणतात, स्वप्नात सोनं दिसणं वाईट. शेजारीण म्हणते, पहाटेचं स्वप्न खरं होतं, धन तुला बोलवतंय. तिच्या ओळखीचा एक बाबा आहे. पायाळू माणूस आणून अमावस्येला पूजा करायची, ५१ हजार खर्च. वडील चार वर्षांपूर्वी गेले, आई भावाकडे असते. भाऊबीजेला गेले तेव्हा भाऊ म्हणाला की जुनं घर पाडून स्लॅबचं बांधणार आहे, आखाजीला येशील तेव्हा एक सही करून टाक. माझ्या पाटल्या आणि पोत मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी दोन वर्षांपासून गहाण आहेत. भाऊबीजेला मी खोटी पोत घालून गेले होते. खरंच काही पुरलेलं असेल तर? की मीच लोभी झाले आहे?

उत्तर

ताई,

आधी बाबाचं बोलू, कारण चैत्राची अमावस्या आणि आखाजी यांत जेमतेम तीन दिवसांचं अंतर असतं आणि तुमच्या हातात वेळ थोडा आहे. त्याला एक रुपयाही देऊ नका. विसारसुद्धा नाही.

या मंडळींची रीत ठरलेली असते. पहिली रक्कम पूजेच्या सामानाची. मग जागा 'दिसते', तिथे रात्री खणतात आणि घरच्यांना बाहेर बसवतात किंवा डोळे मिटायला लावतात. आधीच पुरून ठेवलेली घागर निघते, वर चार पिवळी नाणी, खाली राख. ती लाल कापडात बांधून देव्हाऱ्यात ठेवायची आणि अमुक दिवस उघडायची नाही, नाहीतर धनाचे कोळसे होतील, असं बजावतात. मधल्या काळात राखणदार नाग अडतो, मग दुसरी रक्कम, मग बोकड. शेवटी घरातल्या कुणीतरी न राहवून कापड सोडतं. आत राख निघाली की दोष उघडणाऱ्याचा, आणि बाबाचा फोन तोवर बंद झालेला असतो. म्हणजे कोळशांची ती जुनी गोष्ट त्याच्या फार कामाची असते. फसवणुकीचा खुलासा त्याने फसवण्याआधीच करून ठेवलेला असतो.

पायाळू माणसाचंही ऐकून ठेवा. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय किंवा कुल्ल्याकडून आलेलं मूल. दिवस भरलेल्या शंभर बाळंतपणांत तीन-चार बाळं अशी उलटी असतात, त्यामुळे प्रत्येक गावात असे बरेच लोक असणार. त्यांना जमिनीखालचं दिसत असतं, तर आपल्याकडे बोअर कोरडी गेली नसती. हसण्यावारी नेण्यासारखं मात्र हे नाही. गुप्तधनाच्या नादात माणसांचे बळी गेले आहेत, आणि पायाळू म्हणून एखाद्या पोराचं नाव निघालं की त्या पोराच्या जिवाला घोर लागतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराच्या नावाने पैसे उकळणं आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हे दोन्ही त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. बाबाने किंवा शेजारणीने पैशाबद्दल मेसेज पाठवला असेल तर तो पुसू नका. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

"खरंच काही असेल तर?" हा तुमचा प्रश्न मला वेडगळ वाटत नाही. आपल्या भागात लोक पैसा पुरून ठेवत, हे खरंच आहे. बँका नव्हत्या. होळकरशाहीच्या धामधुमीत आणि १८०३-०४ च्या दुष्काळात खान्देश उजाड झाला होता, पेंढाऱ्यांची भीती होतीच. अशा वेळी भिंतीचा कोनाडा लिंपून टाकणं किंवा चुलीखाली मडकं पुरणं हीच तिजोरी. पण ज्याने पुरलं तो किंवा त्याची बायकापोरं सहसा ते काढूनही घेत. शिवाय तुमच्या बाबतीत एक साधी गोष्ट आहे: घर पाडणारच आहेत, पाया खणणारच आहेत. जात्याखाली काही असलं तर ते जेसीबीच्या फावड्याला लागेल, ५१ हजारांची पूजा न करता.

तसं काही निघालंच तर कायदा १८७८ चा आहे आणि तो अजून लागू आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. चौकशीत धन बेवारस ठरलं आणि आधी काही करार नसला तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला, अशी त्यात वाटणी आहे. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन ती घेता येते. शंभर वर्षांच्या आत कुणी पुरलं होतं हे सिद्ध झालं तर मात्र मूळ मालकाच्या वारसांचा हक्क पुढे येतो. म्हणजे आजोबांचं असेल तर ते वारसांचं, आणि वारसांत तुम्हीही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पहाटेचं स्वप्न. ते जास्त ठळक असतं हे खरं, पण कारण धनात नाही, झोपेत आहे. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी डोळे बंद पापण्यांआड भरभर हलतात तो टप्पा येतो आणि लांबलचक, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक त्यातच पडतात. हा टप्पा रात्रीच्या सुरुवातीला काही मिनिटांचा असतो आणि पहाटेकडे लांबत जातो. त्यातून अचानक जाग आली तर स्वप्न जसंच्या तसं आठवतं, झोप पुढे चालू राहिली तर पुसलं जातं. आता बघा: मोटारीची लाईट ज्या आठवड्यात रात्री असते, त्या आठवड्यात मालक पहाटे उठतात, दार वाजतं, तुमची झोप नेमकी तिथे मोडते. दिवसाच्या लाईटच्या आठवड्यातही तुम्हाला हे स्वप्न आठवतं का? कॅलेंडरवर महिनाभर खूण करा. मला वाटतं, स्वप्नाचा मेळ अमावस्येपेक्षा लाईटच्या वेळापत्रकाशी जास्त लागेल.

सासूबाई आणि शेजारीण दोघींना जुन्या शास्त्राचा आधार हवा असेल तर तोही देता येईल. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषामुळे पडलेलं. यातल्या पहिल्या पाचांना फळ नसतं, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. ज्या स्वप्नानंतर पुन्हा झोप लागत नाही त्याला मोठं फळ असतं हेही तिथेच आहे, ते लपवत नाही. पण ज्या सोन्याबद्दल आपण दिवसभर ऐकतो, जे गहाण ठेवलं, जे परत यावं असं रोज वाटतं, त्याचं स्वप्न चरकाच्या हिशोबानेही त्या बिनफळाच्या पाचांतच जाणार. जळगावच्या सराफ बाजाराचा भाव मोबाईलवर बघून झोपणाऱ्या किती जणांना सोनं दिसत असेल, देव जाणे.

यात नवल काही नाही. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या कॉलेजच्या मुलामुलींना नेहमी पडणाऱ्या स्वप्नांची यादी देऊन विचारलं होतं, त्या यादीतही 'पैसे सापडणे' होतं. स्वप्नांचा अभ्यास करणारे आज साधारण एवढं मानतात की जागेपणी ज्या माणसांत आणि ज्या काळज्यांत आपण असतो, त्याच रात्री वेगळ्या वेशात येतात. जागा दाखवण्याचं काम स्वप्न करत नाही.

मग हा हंडा काय सांगतो? हंड्यात काय निघालं याकडे मी फारसं बघत नाही. स्वप्नफळाच्या पुस्तकात सोन्याचा अर्थ एका पानावर लाभ असतो आणि दुसऱ्या पानावर दुखणं, त्याने काही कळत नाही. मी दुसरं बघते: सापडल्यावर माणसाने काय केलं, कुणापासून लपवलं आणि ते खर्चता आलं का.

तुमच्या पत्रात तारखा तुम्हीच लिहिल्या आहेत, पण त्या एकमेकींशेजारी ठेवलेल्या नाहीत. स्वप्न दिवाळीपासून पडतंय. घर पाडायची आणि सहीची गोष्ट भाऊबीजेला निघाली. त्याच दिवशी गळ्यात खोटी पोत होती. भावाला ओवाळताना, भावजयीच्या आणि आईच्या समोर, ती कुणाच्या लक्षात येईल का ही धास्ती तुम्हाला तासभर तरी असणार. आता स्वप्नाचा शेवट बघा. लोकांदेखत जे सोनं होतं, ते घरी येऊन पदर सोडल्यावर सोनं नव्हतं. कोळशांची गोष्ट लहानपणी ऐकलेली असते, पण ती नेमकी आत्ताच का वर आली, याचं उत्तर मला त्या पोतीत दिसतं.

जागा कोणती तर आईच्या जात्याखालची. ओसरीत नाही, बापाच्या कोठीत नाही, शेतात नाही. त्या घरात बायकांची म्हणून जी दोन हात जागा होती, ती. घर पडलं की तीही जाईल, आणि तिथे तुमचं काय होतं हे कुणी विचारणार नाही, फक्त सही मागतील. मागून येणारा आवाज बाईचा आहे, हे तुम्ही मुद्दाम लिहिलंत. ती कोण हे मी सांगू शकत नाही. पण "हाई तुनं नही" हे वाक्य परक्याचं नाही. माहेरच्या वस्तूला हात लावताना कुठल्याही लग्न झालेल्या लेकीला ते ऐकू येतं, कधी दुसऱ्याच्या तोंडून, कधी स्वतःच्याच.

आणि लोभाबद्दल. गुप्तधन आणि बाकीचे पैसे यांत एक फरक आहे, तो बायकांना लवकर कळतो. केळीचा पैसा मालकांच्या खात्यात येतो, तो मागावा लागतो. माहेरचं मागावं लागतं. बचत गटाचं कर्ज मागावं लागतं आणि फेडावं लागतं. स्वतःचं सोनंसुद्धा आता पावती दाखवून मागावं लागणार आहे. जमिनीतून निघालेला हंडा हा एकच पैसा असा की जो कुणापुढे हात न पसरता मिळतो, ज्याचा हिशोब कुणी विचारत नाही. लोभी माणूस स्वप्नात सोनं मोजतो असं म्हणता येणार नाही, पण तुम्ही मोजलंही नाहीत, ते लपवून धावलात. त्यात मला हाव कमी दिसते आणि मागण्याचा कंटाळा जास्त.

हा माझा अंदाज आहे. बाहेरच्या माणसाने सांगितलेला अर्थ वाचून "हो, हेच खुपत होतं" असं आतून वाटलं तरच तो ठेवायचा, नाहीतर सोडून द्यायचा. पडताळून बघायचं तर असं करा. जाग आल्यावर अंथरुणातच वहीत तीन-चार ओळी लिहा: जागा कुठली, कोण कोण होतं, सगळ्यात जास्त भीती किंवा आनंद कुठल्या क्षणी झाला. अर्थ लिहायचा नाही. दुपारी निवांत असताना त्या एका क्षणापाशी परत जा आणि आठवा की गेल्या दोन-तीन दिवसांत जागेपणी अगदी असंच कधी वाटलं होतं. कुणाचा फोन, दुकानात कुणी काही बोललं, मुलीच्या फीचा मेसेज. चार-पाच नोंदींनंतर एकच विषय वर येतो किंवा काहीच येत नाही. काहीच आलं नाही तर स्वप्न म्हणून सोडून द्या.

पैशाची स्वप्नं घेऊन मला लिहिणाऱ्या इतरांनाही मी हेच विचारते. एका शेतकरीदादांना नोटांची थप्पी सापडायची आणि दुकानदार म्हणायचा, या चालत नाहीत. निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना पासबुकात नुसती शून्यं दिसायची. दोघांनाही पैसा कमी नव्हता. पहिल्याला मुलांसमोर आपल्या शब्दाला किंमत उरली नाही असं वाटत होतं. दुसऱ्यांचा पगार थांबला तशी सकाळी कुणी वाट बघेनासं झालं होतं. पैसा खर्चता न येणं आणि पैसा नसणं, स्वप्नात या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

आता जागेपणीचं. आखाजी म्हणजे लेकींनी माहेरी जाऊन झोके घ्यायचा सण, त्या दिवसांत कागद पुढे आला की नाही म्हणवत नाही. म्हणून आधीच विचारा की सही नेमकी कशावर आहे. बांधकामाला संमती देणारा कागद वेगळा आणि हक्कसोडपत्र वेगळं. पहिल्यात घर बांधायला तुमची हरकत नाही एवढंच असतं, दुसऱ्यात तुमचा हिस्साच जातो. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवलं गेलं की ते फिरवणं फार अवघड, फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करावा लागतो. भाऊ फसवतोय असं मी म्हणत नाही. कित्येकदा भावालाही कागद लिहिणाऱ्याने काय लिहिलंय ते माहीत नसतं.

कागदाची झेरॉक्स किंवा फोटो आखाजीच्या आधी मागवा आणि मिळकतीचं वर्णन असलेला भाग वाचून घ्या. तिथे फक्त गावठाणातल्या घराचा नंबर आहे, की खाली शेताचे गट नंबरही आहेत? घराच्या सहीत शेत जातं ते इथेच, आणि सही करणारीला ते वर्षांनी सातबारा काढल्यावर कळतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि शेताचा सातबारा काढून ठेवा. वडिलांनंतर वारस नोंद झाली का, तुमचं नाव लागलं का, हेही त्यावरून दिसेल.

हिस्सा किती, तर वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि वारस आई, भाऊ व तुम्ही इतकेच असाल तर वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत तिघांचा सारखा वाटा, एक तृतीयांश. वडिलोपार्जित असेल तर हिशोबाची रीत वेगळी, पण २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं आहे. तेव्हा त्या घरात तुमच्या नावाचं काही पुरलेलं आहे का, या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. ते जात्याखाली नाही, उताऱ्यावर आहे.

त्याचं काय करायचं हे मात्र मी सांगणार नाही. हिस्सा घ्यायचा, सोडायचा की थोडा ठेवायचा, तिन्ही वाटा सरळ आहेत. आई भावाकडे आहे, तिचं दुखणंखुपणं तो बघतो, म्हणून घर त्याला सोडावंसं वाटलं तर तो तुमचा अधिकार आहे. पण तेव्हा तुम्ही दिलंत असं होईल, गेलं असं नाही. घर सोडून शेतातला हिस्सा ठेवता येतो. किंवा घराच्या बदल्यात भावाने काही रक्कम द्यावी आणि ती कागदात लिहावी, असं म्हणता येतं. त्या रकमेतून पाटल्या सुटल्या तर वाईट काय? माहेर तुटेल ही भीती मला कळते. काही घरांत हिस्सा मागितल्यावर खरंच बोलणं बंद होतं, ते खोटं सांगण्यात अर्थ नाही. म्हणून पहिली पायरी हिस्सा मागण्याची ठेवू नका, कागद वाचण्याची ठेवा. त्याला सहसा कुणी रागावत नाही, आणि कुणी त्यावरच रागावलं तर तेही बरंच सांगून जातं. वाचून समजावायला तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तिथे बायकांना वकिलाचा सल्ला मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा तर १५१००.

सोनेतारणाचं थोडक्यात. पावती काढून मुदत संपायची तारीख, वजन आणि आजवरचं व्याज बघा. दोन वर्षांत पावती नवी केली होती की नाही, लिलावाची नोटीस आली होती का, हे शाखेत जाऊन विचारा. पत्ता चुकीचा असल्याने नोटीस न पोचणं ही नेहमीची गोष्ट आहे. पोत आणि पाटल्या एकाच पावतीवर असतील तर नूतनीकरणाच्या वेळी दोन वेगळ्या पावत्या करून मिळतात का विचारा, म्हणजे आधी पोत तरी सोडवता येईल. बाबाचे ५१ हजार तुम्ही कुठून उभे करणार होतात मला ठाऊक नाही, पण उभे करता येत असतील तर ते आधी त्या शाखेत जाऊ द्या. आणि मुलीला सांगा की तिची फी कशातून गेली. तिला ओझं वाटेल म्हणून आया हे लपवतात. मला ते पटत नाही. ते सोनं गेलेलं नाही, तिच्या शिक्षणात लागलं आहे, हे तिला माहीत असलं म्हणजे ते हिशोबात तरी राहतं.

झोपेसाठी एक उपाय आहे, वारंवार पडणाऱ्या भीतीच्या स्वप्नांवर तो डॉक्टरही वापरतात. दिवसा, पूर्ण जागेपणी, स्वप्नाचा शेवट तुम्ही स्वतः बदलायचा आणि रोज दहा मिनिटं तो नवा शेवट मनात बघायचा. मोहरा खऱ्या निघाल्या असंच पाहिजे असं नाही. न पळता मागे वळून "तू कोण?" असं विचारलंत तरी चालेल. दोन-तीन आठवडे करून बघा. फरक पडलाच नाही, आठवड्यातून बऱ्याचदा झोप मोडायला लागली किंवा दिवसाही धडधड व्हायला लागली तर डॉक्टरांना दाखवा. ४७ म्हणजे पाळी जाण्याचं वय, त्यात रात्री घाम येऊन आणि छाती धडधडून जाग येते, थायरॉइडनेही येते. सगळी धडधड हंड्याच्या माथी मारायला नको.

आणि भावाला फोन करायचा तो चारचौघांत नको, दुपारी तो शेतावर एकटा असताना करा. "भाऊ, घर बांधतोस ते चांगलंच आहे. कागद आधी पाठव, मी वाचून येते," एवढंच बोला. का म्हणून विचारलं तर "माझी सही आहे म्हणून" हे उत्तर पुरतं. त्याच फोनवर आईलाही घ्या आणि विचारा, तिच्याकडून कुठे अंगठा किंवा सही घेतली आहे का, कारण त्या घरात एक वाटा तिचाही आहे.